सहा तासांत अकरा मिनिटे: जेटीच्या फेरीवरचा बीएस-६ टिपर

मार्च संपता संपता एका संध्याकाळी आमच्या डिचोलीच्या गॅरेजात एक टिपर रांगत आला. गाडी रिकामी होती, तरी गॅरेजासमोरची जेमतेम चढण तिने दुसऱ्या गियरवर काढली. डॅशबोर्डवर तीन दिवे पेटलेले होते. २०२२ सालची बीएस-६ गाडी, दोन ॲक्सलची, मीटरवर ५८ हजार किलोमीटर. मालक स्कूटरवरून मागोमाग आले आणि उतरता उतरताच म्हणाले, "मेस्त, युरिया खराब मिळालाय बहुतेक. आणि ते नसेल तर ती धुराची गाळणीच काढून टाका. एकजण काढून देतो म्हणतोय, वर कॉम्प्युटरलाही गप्प करतो म्हणतो."

मी म्हटलं, "काका, आज रात्री गाडी इथंच ठेवा. गाळणी काढायची की नाही ते तिला तपासल्यावर बोलू."

या मालकांच्या तीन गाड्या आहेत. पहिली २०११ ची, बीएस-३. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि ती बरीच वर्षं अंगणात उभी राहिली, त्यामुळे अजून धडधाकट आहे. दुसरी २०१८ ची, बीएस-४, चिरे आणि खडीच्या कामासाठी घेतलेली. तिसरी ही. त्या आठवड्यात तिन्ही गाड्या या ना त्या कामाने आमच्याकडे होत्या, आणि मी मालकांना जे दाखवलं ते आधी सांगतो, कारण बिघाड त्याशिवाय उलगडत नाही.

मी त्यांना तिन्ही गाड्यांच्या सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवायला सांगितलं. २०११ च्या गाडीत बोट पहिल्या पेरापर्यंत काळंकुट्ट झालं. २०१८ च्या गाडीत करडा-काळा थर लागला. २०२२ च्या गाडीत बोटाला थोडी लाल धूळ लागली, काजळी नाही. इंजिन गुदमरलेलं असताना पाइपचं तोंड स्वच्छ होतं. म्हणजे गाळणी फुटलेली नव्हती, ती तिचं काम करत होती आणि सगळी काजळी आतच साठत होती.

तीन गाड्या, तीन टप्पे

डिझेल इंजिनात एक जुनं भांडण आहे. ज्वलन तापट ठेवलं तर काजळी कमी होते, पण हवेतला नायट्रोजन जळून नॉक्स वाढतो. ज्वलन थंड ठेवलं तर नॉक्स उतरतो आणि काजळी वाढते. धुराच्या सरकारी नियमांच्या, म्हणजे बीएसच्या, प्रत्येक नवीन टप्प्याने या दोन्हींच्या मर्यादा एकदम खाली आणल्या, त्यामुळे इंजिन बनवणाऱ्याला दर वेळी नवी वाट काढावी लागली.

२००० साली देशभर पहिला टप्पा आला, २००५ पासून बीएस-२ आणि २०१० पासून बीएस-३ देशभर लागू झाला. मोठ्या शहरांत प्रत्येक टप्पा काही वर्षं आधी यायचा. जड गाड्यांना बीएस-३ मध्ये दर किलोवॉट-तासाला ५ ग्रॅम नॉक्स आणि ०.१० ग्रॅम कण चालत. एवढं इंजिनाच्या आतच साधता येत होतं. टर्बो आला, टर्बोनंतर हवा थंड करणारा इंटरकूलर आला, पंपाचा दाब वाढला, नोझलची भोकं बारीक झाली, डिझेल फवारण्याची वेळ जरा मागे सरकली. २०११ च्या गाडीचं बॉनेट उघडलं की हे सगळं डोळ्यांना दिसतं: यांत्रिक पंप, सहा नळ्या, टर्बो. सायलेन्सर मात्र निव्वळ आवाज कमी करणारा डबा आहे, धुरावर तो काहीच करत नाही.

बीएस-४ देशभर आला १ एप्रिल २०१७ ला. नॉक्स ३.५ वर आणि कण ०.०२ वर, म्हणजे काजळी एकदम एक पंचमांश. इथे यांत्रिक पंप पुरेना. बहुतेकांनी कॉमन रेल आणली, म्हणजे एका सामायिक नळीत प्रचंड दाबाखाली डिझेल तयार ठेवायचं आणि प्रत्येक इंजेक्टरला कॉम्प्युटरने कधी आणि किती वेळ उघडायचं ते सांगायचं. एका स्फोटासाठी एकच पिचकारी मारायची जुनी पद्धत गेली, दोन-तीन छोट्या पिचकाऱ्या मारता येऊ लागल्या. मग भांडण सोडवायचे दोन मार्ग निघाले. काहींनी जळालेला थोडा वायू परत इंजिनात सोडून ज्वलन थंड केलं, त्यालाच आपण ईजीआर म्हणतो. काहींनी उलट केलं: इंजिन तापट ठेवलं, काजळी आतच जाळली आणि वाढलेला नॉक्स सायलेन्सरमध्ये युरियाच्या पाण्याने मारला. मालकांची २०१८ ची गाडी दुसऱ्या वाटेची. तिला युरियाची टाकी आहे, गाळणी नाही. म्हणूनच तिच्या पाइपात बोट करडं झालं.

बीएस-५ आपण घेतलाच नाही. जानेवारी २०१६ मध्ये तो गाळून थेट बीएस-६ वर उडी मारायचं ठरलं आणि १ एप्रिल २०२० ला ती देशभर एकाच दिवशी मारली गेली. जड गाड्यांच्या स्थिर चाचणीत नॉक्स ३.५ वरून ०.४० वर आला. कण ०.०१ वर आले, आणि नुसतं वजन नाही तर पहिल्यांदाच कणांची संख्याही मोजायला लागले: दर किलोवॉट-तासाला ८०,००० कोटींहून जास्त नकोत. ऐकायला हा आकडा अफाट वाटतो, पण काजळीचे कण इतके बारीक असतात की गाळणीशिवाय कुठलंही डिझेल इंजिन याच्या जवळपास पोचत नाही. दोन वाटांपैकी एक निवडायची मोकळीक इथे संपली. युरियाही हवा आणि गाळणीही हवी. २०२२ च्या गाडीत धूर आधी एका उत्प्रेरकातून जातो, मग गाळणीतून म्हणजे डीपीएफमधून, मग युरियाच्या भागातून.

यात डिझेलचा वाटा फार मोठा आहे आणि त्याबद्दल कमी बोललं जातं. बीएस-२ च्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ५०० भाग गंधक चालायचं, बीएस-३ मध्ये ३५०, बीएस-४ मध्ये ५०, आता १०. आमच्या या टिपरला दिवसाला ४० लिटर डिझेल लागतं, म्हणजे साधारण ३३ किलो. महिन्याचे २५ दिवस धरले तर बीएस-३ च्या डिझेलमधून २९० ग्रॅम गंधक सायलेन्सरमधून गेलं असतं. आजच्या डिझेलमधून जातं ८ ग्रॅम. उत्प्रेरकावर प्लॅटिनम असतं. गंधक त्याला दोन प्रकारे छळतं: त्याची काम करायची जागा अडवतं, आणि स्वतः सल्फेट होऊन नवे कण तयार करतं, म्हणजे गाळणी ज्यासाठी बसवली तेच वाढवतं. जुन्या डिझेलवर ही यंत्रणा टिकलीच नसती. म्हणून आधी रिफायनऱ्यांना गंधक काढायची नवी यंत्रं उभारावी लागली आणि मग या गाड्या रस्त्यावर आल्या. खाणीवर ड्रमातलं, कुठून आलं ते ठाऊक नसलेलं डिझेल २०११ च्या गाडीने पचवलं असेल, या गाडीला ते घालू नये. उलट दिशेने मात्र अडचण नाही. आजचं स्वच्छ डिझेल जुन्या गाडीला खुशाल चालतं. गंधक काढताना डिझेलचा ओशटपणा जातो, पण तो परत देणारं द्रव्य त्यात मिसळलेलं असतं.

गाळणीला काय हवं असतं

डीपीएफ म्हणजे मधाच्या पोळ्यासारखा चिनी मातीचा ठोकळा. एका भोकाचं पुढचं तोंड बंद, शेजारच्याचं मागचं. त्यामुळे धुराला भिंतीतूनच पलीकडे जावं लागतं आणि काजळी भिंतीवर राहते. ती काढायचा एकच मार्ग: जाळणे. गाळणीत येणारा धूर २५० अंशांच्या पुढे गेला की नायट्रोजन डायऑक्साइडच्या मदतीने ती हळूहळू आपोआप जळते. तेवढी उष्णता रोजच्या कामात मिळाली नाही तर कॉम्प्युटर जास्तीचं डिझेल सोडतो, ते उत्प्रेरकावर जळतं आणि गाळणीत ५५० ते ६०० अंश होतात. याला ड्रायव्हर 'रिजन' म्हणतात. चालत्या गाडीत अर्ध्या तासाच्या आसपास लागतो, आणि तो पूर्ण व्हावा लागतो.

आता हिशेब मांडून बघू. दिवसाला ४० लिटर म्हणजे इंजिनातून अंदाजे १५० किलोवॉट-तास काम निघतं. गाळणीच्या आधी दर किलोवॉट-तासाला ०.०४ ग्रॅम काजळी धरली तर दिवसाला ६ ग्रॅम. या आकाराच्या गाळणीत ५० ग्रॅमच्या आसपास काजळी बसली की रिजनची वेळ येते. म्हणजे काहीच जळलं नाही तर आठ-नऊ दिवसांत ती भरते. हा अंदाज आहे, पण गाडीच्या नोंदी पाहिल्यावर तो फार चुकला नाही.

तपासणी

पहिला संशय युरियावर होता म्हणून तो आधी निकालात काढला. नोझलभोवती पांढरे खडे नव्हते. रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब ठेवला, ३२.५ टक्के आले, जेवढे हवेत तेवढेच. पण एवढ्याने भागत नाही. शेतीचा युरिया बरोबर मापात पाण्यात विरघळवला तरी हाच आकडा येईल, आणि त्यावरचं कडुलिंबाचं तेल उत्प्रेरकाची वाट लावेल. म्हणून मालकांना कॅन दाखवायला सांगितला. सीलबंद, तारखेत बसणारा होता. युरिया सुटला.

मग स्कॅनर लावला. काजळीचा भार १३० टक्क्यांच्या पुढे. रिजनची नोंद बघून मी ड्रायव्हरला बोलावलं: गेल्या काही आठवड्यांत १४ वेळा सुरू झालेला रिजन फक्त दोनदा पूर्ण झाला होता. ड्रायव्हर साधा, नीटनेटका मुलगा. त्याने न घाबरता सांगितलं, "जेटीला रांगेत उभं राहतो तिथे बाजूला सुकं गवत आहे. खालून भट्टीसारखी धग येते. मालकांनीच सांगितलं होतं, गवतापाशी ते बटण दाबायचं." तो चुकला नव्हता. सायलेन्सर तापलेला असताना सुक्या गवतावर उभं राहणं खरंच धोक्याचं आहे, आणि रिजन थांबवायचं बटण त्याचसाठी दिलेलं असतं. अडचण एवढीच की ते दाबलेलंच राहतं. रांग संपली, गाडी रस्त्याला लागली, पण बटण कुणी उचललं नाही.

दुसरी गोष्ट डिपस्टिकने सांगितली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं आणि त्याला डिझेलचा वास येत होता. या इंजिनात रिजनसाठी लागणारं जास्तीचं डिझेल सिलिंडरमध्येच उशिरा सोडलं जातं. रिजन अर्धवट राहत गेला की त्यातलं थोडं भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी वाढली म्हणून खूश होणारे मालक मी पाहिले आहेत. ती वाढ म्हणजे बेअरिंगवर पातळ पाणी चाललंय असं समजावं.

एवढ्यावर थांबलो असतो तर गाळणी साफ करून गाडी दिली असती आणि महिन्याभरात ती परत आली असती. पण १४ पैकी दोन रिजन पूर्ण झालेल्या गाडीतही भार इतक्या वेगाने चढायला नको होता. नोंदींवरून दोन रिजनमधलं अंतर दर महिन्याला कमी होत गेलेलं दिसत होतं. म्हणजे इंजिन पूर्वीपेक्षा जास्त काजळी करत होतं. दुसऱ्या दिवशी खडी भरून गाडी चढणीवर नेली आणि टर्बोचा दाब पाहिला. कॉम्प्युटर १.६ बार मागत होता, मिळत होते १.१.

गळती शोधायला गोव्याच्या धुळीनेच मदत केली. टर्बोकडून इंटरकूलरला जाणारी जाड रबरी नळी सगळीकडे फिकट लाल होती, पण क्लॅम्पच्या खाली दोन बोटांएवढा डाग गडद, ओलसर, चिकट. टर्बोतून निघणाऱ्या हवेत ऑइलचं बारीक तुषार असतं. गळतीच्या जागी ते बाहेर येतं आणि खाणीची धूळ तिथेच घट्ट बसते. क्लॅम्प सोडला तर नळीला आतून चीर. इंजिन जोर करत नसेल तेव्हा ती मिटलेली असायची, भार आला की उघडायची. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणजे काजळी जास्त. २०११ च्या गाडीत हीच चीर पडली असती तर मागून काळा धूर दिसला असता आणि ड्रायव्हरने दोन दिवसांत सांगितलं असतं. इथे गाळणीने तो धूर लपवला.

शेवटचं राहिलं होतं गाडीचं रोजचं काम तपासणं. फेरी सारमानसच्या जेटीची, एका बाजूला सात-आठ किलोमीटर, येताना रिकामी, दोन्हीकडे रांग. नळी बदलून, बटण उचलून, स्कॅनर गाडीतच ठेवून सहा तास नोंद घेतली. सहा तासांत धूर २५० अंशांच्या वर गेला तो एकूण ११ मिनिटं. बाकी वेळ १५० ते २१० च्या दरम्यान. म्हणजे नळी, बटण सगळं ठीक असतानाही या फेरीवर गाळणी स्वतःहून साफ होणार नव्हती.

काय केलं

भार इतका असताना मी गाडीतल्या गाडीत जबरदस्तीचा रिजन केला नाही, आणि कुणी करूही नये. साठलेली काजळी एकदम पेटली तर आतला ठोकळा तडकतो, वितळतोसुद्धा. गाळणी उतरवून वजन केलं, भट्टीत भाजून घेतली, परत वजन केलं: ९० ग्रॅम उतरले. ही काजळी. मग हवेच्या झोताने उलट बाजूने साफ केली, आणखी १४० ग्रॅम उतरले. ही राख. राख जळत नाही, ती डिझेलची नसतेच, ती इंजिन ऑइलमधल्या कॅल्शियम-जस्ताची असते. ५८ हजार किलोमीटरला ती मला जास्त वाटली. विचारल्यावर कळलं की तिन्ही गाड्यांना एकाच पिंपातलं, जुन्या ग्रेडचं ऑइल जात होतं. बीएस-६ ला सीके-४ किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं कमी राखेचं ऑइल लागतं. त्यात राखेची मर्यादा १ टक्का असते. हे नवीन ऑइल जुन्या गाड्यांना चालतं, जुनं ऑइल नवीन गाडीला चालत नाही.

ऑइल आणि फिल्टर बदलले, नळी नवी घातली, हवेचा फिल्टरही बदलला कारण तोही लाल झाला होता. गाळणी बसवून म्हापशाहून पत्रादेवीपर्यंत भरलेली गाडी हायवेने नेली. धारगळच्या पुढे रिजन सुरू झाला आणि परतीच्या वाटेवर पूर्ण झाला. दिवे विझले, ताकद आली.

गाळणी काढून टाकण्याविषयी मालकांशी त्याच दिवशी सविस्तर बोललो. पोकळ डबा बसवून कॉम्प्युटरला खोटे आकडे देणारं काम कायद्याने चालत नाही, हे एक. दुसरं, त्यांच्याच घराचं अंगण या रस्त्याला लागून आहे. पीयूसीत डिझेल गाडीचा फक्त धुराचा गडदपणा मोजतात, नॉक्स नाही आणि कणांची संख्या नाही. त्यामुळे पोकळ डब्याची गाडीही तिथून सुटू शकते. म्हणून पीयूसीच्या कागदावर विसंबून गावाच्या हवेबद्दल निश्चिंत होऊ नका, एवढंच मी त्यांना सांगितलं. ते गप्प राहिले आणि मग म्हणाले, "मग फेरीचं काय करायचं ते सांगा."

मला सुचलं ते असं. रांगेत पाच मिनिटांपेक्षा जास्त उभं राहायचं असेल तर इंजिन बंद. बटण फक्त गवतापाशी दाबायचं आणि रस्त्याला लागताच उचलायचं, त्यासाठी ड्रायव्हरने स्वतःच बटणाखाली लाल चिकटपट्टी लावली. आठवड्यातून एकदा या गाडीला पेडण्याकडची खडीची लांब फेरी द्यायची, चाळीस मिनिटं तरी सलग हायवेवर. दर सकाळी डिपस्टिक बघायची आणि ऑइल वर चढलं तर ताबडतोब कळवायचं. जेटीच्या फेऱ्या जास्त करून २०१८ च्या गाडीवर टाकायचं मालकांनी ठरवलं. ते मला पूर्ण पटलेलं नाही, कारण स्वच्छ गाडी हायवेला आणि कमी स्वच्छ गाडी गावातून, असं ते होतं. शिवाय तिच्या युरियालाही धूर २०० अंशांच्या आसपास तापलेला लागतो, म्हणजे त्या फेरीवर तिचा नॉक्सही पुरता मरत नाही. पण तिला गाळणी गुदमरायची भीती नाही, आणि बँकेचा हप्ता २०२२ च्या गाडीचा आहे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पावसाआधी गाडी तपासणीला आली. सहा रिजन सुरू झालेले, पाच पूर्ण. सहाव्याच्या वेळी अस्नोड्याला ट्रॅफिक होतं. भार ४० टक्के, ऑइल खुणेवर, पाइपचं तोंड स्वच्छ. नवी नळी मात्र मी पुन्हा क्लॅम्प सोडून पाहिली. काठावर लाल धूळ कोरडी होती.